उकल : सुटते की फुटते?

खडू
नववी-दहावीच्या गणिताचे छोटे मराठी व्हिडिओ टाकायला सुरुवात करतोय. चॅनेलचं नाव ‘उकल’ ठरलं, लोगोही करून घेतला. परवा आजऱ्याच्या आत्याला दाखवला, तर ती म्हणाली, “कशाची उकल? टाचेची?” तिच्याकडे थंडीत टाचा उकलतात, दार उन्हात राहिलं की लाकूड उकलतं. म्हणजे उकलणं हे काहीतरी बिघडल्याचं लक्षण. मी मात्र समीकरणाची उकल शिकवण्यात हयात घालवलेली. मूळ अर्थ कुठला? आणि जाता जाता : थंबनेलला मराठीत काय म्हणायचं? कामाच्या यादीत मी ‘लघुचित्र’ लिहिलं होतं, तर एडिटिंग करणाऱ्या पोराने विचारलं, “सर, लघुशंकेचं चित्र का?”

टाचणी
‘नखचित्र’ म्हणा. अंगठ्याच्या नखाएवढं ते नखचित्र. शब्द तयार आहे, वापरायची लाज वाटते एवढंच.

घाटावरचा
नखचित्र म्हटलं की ब्यूटी पार्लर आठवतं. लोक थंबनेल म्हणतात, थंबनेलच म्हणा. नावाबद्दल सांगतो : मराठी अक्षरांत नाव ठेवलं तर शोधात सापडत नाही. इंग्रजीतच ठेवा.

अनुस्वार
घाटावरचे, देवनागरीत शोधलं तर देवनागरी नाव व्यवस्थित सापडतं. अडचण वेगळी आहे. ‘उकल’ एवढंच टाइप करून बघा. दरोड्याची उकल, खुनाची उकल, चोवीस तासांत उकल. बातमीदारांनी हा शब्द पोलिसांना बहाल केलाय. रोजच्या वापरातलं एकटं नाम चॅनेलला दिलं की ते गर्दीत हरवतं. ‘गणिताची उकल’ केलं तर निदान पोलीस मागे राहतील.

अर्थाबद्दल म्हणाल तर आत्या आणि तुम्ही, दोघंही बरोबर. गाठ सुटते, शिवण उसवते, घडी उलगडते आणि वीण उकलते. एकात एक घट्ट बसलेलं मोकळं होणं, एवढीच कल्पना. कोड्याच्या बाबतीत ते हवं असतं, टाचेच्या बाबतीत नको असतं. एकच क्रियापद, नशीब वेगळं.

टाचणी
संस्कृत ‘उत्कलन’वरून आलाय. ओडिशाचं उत्कलही तिथलंच असणार.

अनुस्वार
उत्कलनापर्यंत येतो. ओडिशाला तुम्ही जाऊन या.

पेणकर
आमच्या मंडळींचं पाककृतीचं चॅनेल आहे म्हणून सांगतो. ‘उकळ’ नाव छान आहे, पण गणितापेक्षा चहाला शोभेल. शिवाय ‘उकळी’ जास्त मराठी वाटतं.

खडू
पेणकर, उकल आहे हो. लिंबातला ल.

पेणकर
माफ करा. पण चूक माझी एकट्याची नाही. तुमचा दुवा मला घरच्या ग्रुपवर आला, तिथे नाव `ukal` असं होतं. मी उकळच वाचलं.

घाटावरचा
हेच मी म्हणत होतो! म्हणजे हे नाही, पण याच्या जवळचं. पोरं मराठी शब्दही रोमनमध्येच टाइप करतात. आणि रोमनमध्ये ल-ळ, न-ण कुणाला वेगळे कळतात? वर कुणी `ukal` लिहिणार, कुणी `ookal`. नाव पक्कं करण्याआधी वर्गातल्या दहा पोरांना तोंडी सांगायचं आणि मोबाइलवर टाइप करायला लावायचं. दहा जणांनी चार तऱ्हा केल्या तर नाव बदलायचं.

खडू
आज वर्गात केलं. दहापैकी सहा `ukal`, तीन `ukkal`, आणि एकाने थेट देवनागरीत ‘ऊकल’ लिहिलं. त्याला ऱ्हस्व-दीर्घाबद्दल वेगळं बोललो.

टाचणी
त्यालाच चॅनेलचं काम द्या, निदान देवनागरीत तरी लिहितो.

अनुस्वार
मूळ प्रश्न अर्थाचा असला तरी लोगो बघून राहवत नाही. मी पंचवीस वर्षं डीटीपी केलंय. प्रोफाइलच्या चित्रासाठी ८०० बाय ८०० पिक्सेलची फाइल मागतात, पण ते दिसतं ९८ बाय ९८ एवढं, तेही गोलात कापून. तुमच्या गोलात ‘उकल’ हा अख्खा शब्द, खाली कंपास आणि पेटता दिवा. मोबाइलवर ते कुंकवाचं बोट पुसल्यासारखं दिसतंय. नुसता ‘उ’ ठेवा. आणि त्याची शिरोरेषा गोलाच्या कडेला भिडवू नका, कापली गेली की ‘उ’ इंग्रजी तिनासारखा दिसतो.

आता थंबनेल. पहिल्यावर लिहिलंय, ‘वर्गसमीकरणाची मुळे कशी काढावीत?’ पांढरी अक्षरं, भोवती जाड काळी कड. देवनागरीत शिरोरेषेच्या वर रफार, वेलांट्या, मात्रा, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणजे एका ओळीत तीन मजले. जाड कड दिली की वरचा मजला बुजतो. तुमचा ‘र्ग’ मला ‘ग’ दिसला, आणि ‘मुळे’ची मात्रा कडेत गेल्यावर उरलं ‘मुळ’. शिवाय दोन अक्षरांची शिरोरेषा जिथे जुळते तिथे प्रत्येक जोडावर काळी फट आलीय, कारण कड अक्षरागणिक लागलीय. अक्षरांचे आकार करून वेल्ड करा आणि मग कड द्या. आणि दोन अक्षरांमध्ये जागा वाढवू नका. इंग्रजीत ती खपते, आपल्याकडे शिरोरेषा तुटून दात पडल्यासारखी दिसते.

खडू
ज्यांनी करून दिलं त्यांनी पैसे मात्र पूर्ण घेतले. असो. मग मजकूर किती ठेवू?

घाटावरचा
चार शब्द. जास्तीत जास्त पाच. हा नियमच आहे.

अनुस्वार
नियम कुणी केला ठाऊक नाही. चार शब्दांत ‘वर्गसमीकरणाची’ हा एक शब्दही येतो आणि ‘का बरं’ हे दोनही येतात. मराठीत प्रत्यय शब्दालाच चिकटतात, त्यामुळे शब्द मोजून भागत नाही. मी सोपं करतो : फाइल १२८० बाय ७२० ची करायची, ती मोबाइलवर घ्यायची, खऱ्याखुऱ्या अंगठ्याच्या नखाएवढी लहान करायची आणि हात लांब धरून वाचायची. वाचता आलं तर ठेवायचं.

टाचणी
म्हणजे नखचित्र! माझ्याच शब्दावर आलात की.

घाटावरचा
कसोटी नखाची, नाव थंबनेलच.

खडू
करून बघितलं, काही वाचता आलं नाही. म्हणून पुन्हा केलं. हा भाग ‘चुकलं कुठे?’ या मालिकेतला आहे. दर शुक्रवारी पेपरात हमखास दिसणारं एक चुकीचं सोडवलेलं उदाहरण घेतो. या वेळचं असं :

x² = 5x

पोरं दोन्ही बाजूंना x ने भागतात, x = 5 लिहितात आणि मोकळी होतात. पण x शून्य असू शकतो, आणि शून्याने भागता येत नाही. भागलं तिथेच दुसरं उत्तर गेलं. 5x डावीकडे आणून x(x − 5) = 0 केलं की 0 आणि 5 दोन्ही मिळतात. आता थंबनेलवर वर मोठ्ठं x² = 5x आणि खाली उजवीकडे ‘शून्य हरवला’.

अनुस्वार
छान. फक्त उजवा खालचा कोपरा सोडा. तिथे व्हिडिओची लांबी येऊन बसते. तुमचा ‘हरवला’ खरोखरच हरवेल.

पेणकर
हो हो! आमच्या मंडळींच्या ‘आळूवडी’तली ‘वडी’ त्या कोपऱ्यात गेली होती. महिनाभर लोक विचारत होते, आळूचं काय केलंत?

टाचणी
‘शून्य हरवला’? शून्य नपुंसकलिंगी आहे. हरवलं.

खडू
वर्गात आम्ही ‘शून्य आला’ म्हणतो.

टाचणी
वर्गात म्हणा. थंबनेलवर नको, तिथे ते छापल्यासारखं राहतं.

घाटावरचा
थंबनेल तो की ते? आधी ते ठरवा. आमच्याकडे ‘थंबनेल बनवला’ म्हणतात.

पेणकर
आमच्याकडे ‘बनवलं’. मंडळी तर ‘बनवली’ म्हणतात, पण त्यांना बहुधा वडीच म्हणायचं असतं.

खडू
दोन्ही थंबनेल करून ठेवतो. यूट्यूबवर एकाच व्हिडिओला तीनपर्यंत थंबनेल लावून तुलना करायची सोय आहे ना?

अनुस्वार
आहे, पण तिथे निकाल क्लिकवर ठरत नाही, कोणत्या थंबनेलमुळे व्हिडिओ जास्त वेळ बघितला गेला यावर ठरतो. ते बरंच आहे, नाहीतर सगळे ‘हे बघून रडू येईल’ लिहितील. मात्र तुमच्या व्हिडिओला दिवसाला शंभरेक माणसं येत असतील तर निकाल बहुतेक अनिर्णित लागेल. ‘हरवला’ की ‘हरवलं’ ते यूट्यूब ठरवणार नाही.

खडू
मालिकेचं नाव तरी पटतंय का? पोरगा ‘सेगमेंट’ म्हणतो, मी ‘सदर’ म्हणतो.

टाचणी
सदरच. वर्तमानपत्रात सदर असतं, वाड्यात सदर असते, अंगात सदरा असतो. सगळं एकच. अरबी ‘सद्र’ म्हणजे छाती, पुढचा भाग.

घाटावरचा
आणि ‘सदर अर्जदार’? तो कुणाच्या छातीवर बसलाय?

अनुस्वार
सदऱ्याचं टाचणी बोलतात त्यात तथ्य असावं. पण पोरांना सदर म्हटलं की सातबारा आठवतो. सेगमेंट काय, सदर काय, ते आपल्या आपल्यात बोलायचे शब्द. बघणाऱ्याला ‘चुकलं कुठे?’ एवढंच दिसतं आणि ते चांगलं आहे. फक्त दर वेळी एकाच जागी, एकाच रंगाच्या पट्टीत येऊ द्या. आणि सुरुवातीला तुमचा तो दिवा बारा सेकंद पेटतो तो विझवा. यूट्यूब स्टुडिओतला आलेख उघडा, बघणारे कुठे गळतात ते दिसेल.

खडू
बघितला. पंधराव्या सेकंदापर्यंत निम्मी माणसं गेलेली. आता थेट चुकीच्या ओळीपासून सुरू करतो, दिवा शेवटी.
पण एका पोराने खाली विचारलंय, “सर, चॅनेलचं नाव उकल, मग व्हिडिओत मुळे का म्हणता?” रेषीय समीकरणाची उकल, वर्गसमीकरणाची मुळे, अशी सवय पडलीय. त्याला काय सांगू?

टाचणी
‘मुळे’ बदला. झाडाला असतात ती मुळे.

अनुस्वार
टाचणी, ‘उकल’ही लाकडाला असते. वर आत्या सांगून गेल्या आहेत.
खडू, नव्या थंबनेलवर तुमचा ‘ल’ हिंदीतला आलाय, दांड्याचा. आपला पाकळीचा हवा. शासनाच्या २००९च्या निर्णयातही मराठीसाठी पाकळीचाच ल आणि देठाचा श दिलाय. बऱ्याच फाँटांत दोन्ही ल असतात. मजकुराची भाषा मराठी निवडली की आपला येतो. मोबाइलवरच्या फुकट ॲपांत ती सोय बहुतेक नसते, तेव्हा संगणकावर करून घ्या.

घाटावरचा
दांड्याच्या ल ने कुणाचं गणित अडलं?

टाचणी
तुम्ही मोल्सवर्थ उघडलाय का कधी?

पेणकर
मंडळी विचारतायत, ‘आळूवडी’मधला ळ तरी एकच आहे ना, की त्यालाही पाकळी लागते?

खडू
आत्याला नवं थंबनेल पाठवलं. तिचं उत्तर आलं : “शून्य सापडला का?”
टाचणी, ‘सापडला’ म्हणाली ती.