अनुभव धागा: व्हायरल पोस्ट डिलीट केली, पुढे काय झालं?

मीच सुरू करतो. एक्सवर लिहिलं होतं की पगार आधी २० टक्के कापला आणि मग २० टक्के वाढवला की हिशोब बरोबर. अर्थात चूक, १०० चे ८० आणि ८० चे ९६. दुपारपर्यंत लोकांनी इतकं धुतलं की घाबरून पोस्ट उडवली. रिपोस्ट सगळे आपोआप गेले, पण कोट केलेल्या पोस्टी तशाच, फक्त माझं वाक्य होतं तिथे पोस्ट डिलीट झाल्याची राखाडी चौकट आणि वर "ह्याला शाळेत पाठवा". तुमचे अनुभव लिहा.

गोगलगाय: साहजिकच आहे, रिपोस्ट म्हणजे मूळ पोस्टकडे दाखवलेलं बोट, पोस्ट गेली की बोटही गेलं. कोटमधला मजकूर मात्र कोट करणाऱ्याचा, तो त्यानेच काढायचा. खालचे रिप्लाय पण राहतात, कशाला उत्तर दिलंय तेच कळत नाही. आणि बातमीवाल्या साइटने पोस्ट एम्बेड केली असेल तर बरेचदा तुझं वाक्य त्यांच्या पानाच्या कोडमध्येच असतं, ते साधं अवतरण म्हणून दिसत राहतं.

सावली: म्हणजे डिलीट केलं की स्क्रीनशॉट सोडून सगळं जातं ना? माझं फेसबुकवर तसंच झालेलं.

गोगलगाय: अर्धं बरोबर. फेसबुकवर शेअर केलेल्याच्या जागी कंटेंट उपलब्ध नाही असं येतं, पण शेअर करताना कोणी वर चार ओळी खरडल्या असतील तर त्या राहतात. कॉपी-पेस्ट करून टाकलेलं तर कुठेच जात नाही.

खिडकीतला: माझं व्हॉट्सॲपचं दुखणं. ग्रुपमधून 'सर्वांसाठी हटवा' केलं, तोवर दोघांनी फॉरवर्ड केलेला, तो काही हटला नाही. विषय वेगळा असेल तर सॉरी.

धागाकर्ता: नाही, चालेल की. माझा खरा त्रास स्क्रीनशॉटचाच झाला. आठवड्याने एक फिरायला लागला, त्यात २० च्या जागी ५० केलेलं, तारीख कापलेली. मूळ पोस्ट असती तर लिंक तोंडावर मारली असती, आता मी काय दाखवू? पुरावा मीच उडवला होता 🤦

जुनाट: म्हणून मी चुकलो की आधी पोस्टचा तारीख-वेळेसकट पूर्ण स्क्रीनशॉट स्वतः काढतो, वेबॅक मशीनवर पान जतन होतंय का बघतो (एक्सचं कधी होतं कधी नाही), मग खाली रिप्लायमध्ये दुरुस्ती आणि एक दिवस थांबून डिलीट.

सावली: पण त्या एका दिवसात चुकीचं अजून पसरतं त्याचं काय? आणि दुरुस्तीचा रिप्लाय वाचतंय कोण, लोक वरचं बघून शिव्या देऊन पुढे जातात.

जुनाट: हो, ते आहेच. कोणाचा पत्ता-फोन असेल तर मी पण लगेच उडवेन.