मदत हवी आहे: राखीव खुर्चीवरून पाहुणे चिडले तर स्वयंसेवकांनी काय बोलावं?

मोठ्या समारंभासाठी स्वयंसेवकांना सूचना द्यायच्या आहेत. ज्येष्ठांबद्दल सांगून झालंय: त्यांचा दंड धरू नका, आपला हात पुढे करा, त्यांना धरू द्या, पायरी आली की आधी सांगा.

अडतंय ते तक्रारीपाशी. समजा, कडेची खुर्ची एका आजोबांसाठी ठेवली आणि तिथे दुसरेच पाहुणे बसले. मुलं उभ्या उभ्या "राखीव आहे" म्हणतात, की आवाज चढलाच! माझ्या मते वाकून, हळू बोलावं, त्यांचं पूर्ण ऐकावं आणि दुसरी जागा आधी बघून ठेवूनच उठायची विनंती करावी. तोवर आजोबांना ताटकळत ठेवू नये, जवळच बसवावं.

पण पहिलं वाक्य नेमकं काय असावं? आणि पाहुणे हटलेच नाहीत तर प्रमुखांना कधी बोलवावं? अनुभवी मंडळींनी कृपया सांगा.