मदत हवी आहे: टाइमआउटनंतर स्क्रीनवर काय दाखवावं?

मंडळी, रावेर-यावल भागात केळीच्या वजनाची नोंद मळ्यातूनच करता यावी म्हणून ॲप बनवतोय. सातपुड्याच्या पायथ्याशी रेंज येते-जाते. सर्व्हरने नोंद लिहून घेतली, पण उत्तर परत येताना रेंज गेली, की १५ सेकंदांनी टाइमआउट होतो. तिथे ‘नोंद झाली नाही’ म्हणणं खोटं ठरतं. माणूस पुन्हा बटण दाबतो आणि एकाच गाडीचं वजन दोनदा चढतं.

म्हणून बटण दाबताच फोनवर एक युनिक आयडी तयार करून नोंदीसोबत साठवतो. रिट्राय २, ४, ८ सेकंदांनी, पण आयडी तोच. तो आधी येऊन गेला असेल तर सर्व्हर नवी नोंद न करता जुनंच उत्तर देतो. दुबार नोंद थांबली.

अडलंय पुढे. रिट्राय संपले, उत्तर नाही, गाडी निघायच्या बेतात. सध्या ‘नोंद फोनवर जपली आहे, पोहोचल्याची खात्री अजून नाही’ असं दाखवतो. शेतकरी विचारतात, "भाऊ, मग गाडी सोडू का नको?" प्रश्न रास्त आहे. अशा अधांतरी अवस्थेसाठी तुम्ही काय मजकूर ठेवता? आणि ॲप बंद असताना रेंज आली, तर नोंद पाठवायला `WorkManager` वर कितपत विसंबता?