आकडे खरे, मग नकाशा चुकीचा कसा?

रंगारी: डेंग्यूचे जिल्हावार रुग्ण नकाशावर रंगवले. महानगराचा जिल्हा गडद लाल आला. लोक म्हणतात नकाशाच दिशाभूल करणारा. आकडे तपासलेले आहेत, मग चूक कुठे?

मृण्मयी: तुमच्याच तक्त्यातले दोन जिल्हे घ्या. महानगरात 40 लाख लोक आणि 8,000 रुग्ण, म्हणजे हजारी 2. शेजारच्या जिल्ह्यात 5 लाख लोक आणि 2,500 रुग्ण, म्हणजे हजारी 5. जिथे माणसामागे धोका अडीचपट, तो तुमच्याकडे फिका दिसतोय. नुसत्या लोकसंख्येचा नकाशा काढून शेजारी ठेवा. दोन्ही सारखे दिसले, तर तुम्ही डेंग्यू नाही, माणसं रंगवलीत.

साठेबाबा: हे खुर्चीत बसून ठीक आहे. साथीत औषधांचा साठा मी वाटलाय. सलाइन 8,000 माणसांना लागतं, दराला नाही! हजारी बघून गाड्या पाठवल्या असत्या, तर महानगरात रुग्ण जमिनीवर झोपले असते.

मृण्मयी: साठ्यासाठी संख्याच हवी, मान्य. पण मग ती वर्तुळांच्या आकाराने दाखवा. अख्खा जिल्हा रंगाने भरला की वाचणारा 'इथे धोका जास्त' असंच वाचतो.

साठेबाबा: वर्तुळं चालतील. हे आधीच सांगायचं होतं.

सीमेवरचा: थांबा, त्या 'हजारी 5'वर माझा विश्वास नाही. आमच्या छोट्या जिल्ह्यात मोठं सरकारी रुग्णालय आहे, चहूकडचे रुग्ण तिथेच येतात. नोंद रुग्णालयाच्या जिल्ह्यावर पडते. एका वर्षी आम्हाला गडद लाल रंगवलं आणि गावोगाव धूरफवारणी झाली. डास होते पलीकडच्या जिल्ह्यात!

मृण्मयी: प्रत्येक धाग्यावर तुमचं हेच असतं.

सीमेवरचा: कारण प्रत्येक नकाशात हीच चूक असते! 2,500 पैकी 1,600 बाहेरचे निघाले तर उरले 900. भागा 5 लाखांनी. हजारी 1.8 येतो, महानगरापेक्षा कमी. वर बाहेरची माणसं आणि खाली फक्त आमची लोकसंख्या, हा कसला दर?

मृण्मयी: हे बरोबर आहे. रुग्ण राहत्या पत्त्यावर मोजल्याशिवाय दराला अर्थ नाही. पण म्हणून कच्ची संख्या रंगवणं बरोबर ठरत नाही.

रंगारी: दर काढायला बसलो, तर सगळीकडे 0 येतोय. `rugna / loksankhya * 1000` असं लिहिलंय, पोस्टग्रेसमध्ये.

मृण्मयी: दोन्ही रकाने पूर्णांक आहेत, म्हणून आधीच्या भागाकारात अपूर्णांक गळून पडतो. असं लिहा:

```
SELECT jilha, rugna * 1000.0 / loksankhya AS dar
FROM dengue;
```

रंगारी: आला. छोटा जिल्हा 5, महानगर 2. पण पत्त्याचा रकाना उघडला, तर निम्म्या नोंदींत नुसतं रुग्णालयाचं नाव आहे.

सीमेवरचा: मग छोट्या जिल्ह्यावर रेघा मारा, 'पत्ते अपुरे' लिहा. लाल करू नका.

साठेबाबा: आणि तिथे खरंच साथ असली तर? रेघा बघून कोणी औषध पाठवत नाही.