अनुभव धागा : काविळीत तेलाचा वाससुद्धा का सोसत नाही?

चादरवाली
सोलापूरची गड्डा यात्रा उरकून तीनेक आठवडे झाले होते. शेंगाचटणीवर तेल ओतून कडक भाकरी खाणारा माझा लेक ताट सारून म्हणाला, "आई, फोडणी बंद कर, मळमळतंय." मला वाटलं पित्त. चौथ्या दिवशी लघवी काळ्या चहासारखी, सहाव्या दिवशी डोळे पिवळे. रक्त तपासलं तर हिपॅटायटिस ए. पिवळेपणाच्या आधीच भूक का मेली? तुमचेही अनुभव लिहा.

दमाणीनगर
लिव्हर तेल पचवतं, ते बिघडलं म्हणून. मला कावीळ झाली तेव्हा आजीनं वर्षभर तेल, तूप, हळद सगळं बंद केलं होतं. सात किलो उतरलो.

वॉर्डातली ताई
दादा, अर्धं बरोबर. तेल विरघळवायला पित्तरस लागतो, तो लिव्हर बनवतं. सुजेमुळे तो आतड्यात कमी उतरतो, म्हणून शौच मातकट होते आणि तेलकट पचत नाही. पण चादरवाली ताईंच्या मुलाची मळमळ त्याच्याही आधीची. विषाणूशी लढताना शरीर जी रसायनं सोडतं, ती मेंदूतली भूकच दाबतात. तापात जेवण नकोसं होतं, तसंच. शिवाय तेलकट अन्न पोटात जास्त वेळ रेंगाळतं, त्यामुळे मळमळ वाढते. सिगारेट ओढणाऱ्याला तिचीही किळस येते, तिथे तर पित्तरसाचा संबंधच नाही.
वर्षभर तेल बंद करायची गरज नसते. सोसेल तेवढं द्यायचं. मळमळ बहुधा दिवस चढेल तशी वाढते, म्हणून सकाळीच पोटभर. आमच्या वॉर्डात सकाळी उपमा संपतो, रात्रीचं ताट तसंच परत येतं.

होटगी रोड
मलाही तेलकट सोसायचं नाही, पण भूक कडकडून लागायची. भजी खाल्ली की तासाभरात उजव्या बरगडीखाली कळ. सोनोग्राफीत पित्ताशयात खडे निघाले.

वॉर्डातली ताई
ते वेगळं दुखणं. पण खडा पित्तनळीत अडकला तर त्यानंही कावीळ होते. तेव्हा थंडी वाजून ताप आला तर थांबू नका.

चादरवाली
गंमत म्हणजे डोळे सगळ्यात पिवळे झाले, त्याच सुमारास त्यानं आपणहून वरणभात मागितला. रक्तातलं पिवळं द्रव्य, बिलिरुबिन, तेव्हा वाढतच होतं!

वॉर्डातली ताई
पुष्कळांचं असंच होतं, पिवळेपणा भुकेच्या मागून येतो आणि मागून जातो. उलट डोळे पिवळे होऊनही उलट्या थांबत नसतील, पेशंट पेंगत असेल किंवा असंबद्ध बोलत असेल, तर लगेच दवाखाना. गरोदर बाईला कावीळ झाली तर एवढीही वाट बघू नका.

दमाणीनगर
मग आजीची हळद?

वॉर्डातली ताई
फोडणीतल्या चिमूटभर हळदीनं डोळे पिवळे होत नाहीत हो.

चादरवाली
दीड महिना झाला. जेवतो सगळं, पण शेंगाचटणीवर तेल अजून घेत नाही. हे कशामुळे?