मदत हवी आहे: लांबलचक प्रकल्प-अहवालाचा वरिष्ठांसाठी सारांश

साठा_नोंद: नमस्कार. आमच्या तीन गोदामांत बारकोडवर चालणारी नवी साठा-प्रणाली बसवली जात असून, दर शुक्रवारी मी संचालकांना तिचा अहवाल पाठवते. गेल्या वेळच्या दीड पानातला हा तुकडा पाहा:

"सोमवारी पुरवठादारांसोबत बैठक झाली. तिसऱ्या गोदामाचे स्कॅनर कस्टममध्ये अडकले आहेत, पण लवकरच सुटतील असे ते म्हणाले. मालाच्या यादीची साफसफाई ८० टक्के झाली. प्रशिक्षणाला प्रतिसाद छान होता."

संचालकांचे उत्तर एका ओळीचे आले: "म्हणजे १ जुलैला सुरू होणार की नाही?" यातले काय ठेवावे आणि काय गाळावे?

रंगीत_तक्ता: मजकूर लिहूच नका. प्रत्येक कामापुढे लाल, पिवळा किंवा हिरवा रंग द्या; वरिष्ठ तेवढेच पाहतात.

निवृत्त_पीएम: रंग जरूर द्यावेत, पण पिवळा कधी द्यायचा हे आधी ठरले नसेल, तर प्रत्येक जण शेवटच्या आठवड्यापर्यंत हिरवाच देतो आणि मग एकदम लाल होतो. ताई, स्कॅनर कोणत्या दिवसापर्यंत आले नाहीत तर १ जुलै हुकते? आणि यादीचे उरलेले २० टक्के काम कसले आहे?

साठा_नोंद: जोडून तपासायला आठ दिवस लागतात, म्हणजे २२ जून. यादीत एकाच मालाचे दोन-दोन कोड उरले आहेत. त्यासाठी माल प्रत्यक्ष मोजावा लागतो. हे सारे तिसऱ्या गोदामातलेच आहे.

मिनिट्स_लेखक: आमच्याकडे बैठकीचे इतिवृत्त त्याच दिवशी सर्वांना पाठवतात, तसे केले तर हा प्रश्नच येणार नाही.

निवृत्त_पीएम: इतिवृत्त बैठकीला बसलेल्यांसाठी असते, इथे प्रश्न न बसलेल्यांचा आहे. मी असे लिहिले असते:

"१ जुलैला दोन गोदामे ठरल्याप्रमाणे सुरू होतील, तिसऱ्याची खात्री आज देता येत नाही. तिथले स्कॅनर २२ जूनपर्यंत हाती न आल्यास तपासणीला वेळ उरत नाही, शिवाय दुहेरी कोडांच्या मालाची मोजणी बाकी आहे. तिसरे गोदाम १५ जुलैला सुरू करण्यास १९ जूनपर्यंत मंजुरी हवी. तोवर तिथे जुनी प्रणाली चालेल."

८० टक्के हा आकडा मी मुद्दाम गाळला, कारण सोपे कोड आधी संपतात आणि किचकट तेवढे मागे उरतात. प्रशिक्षणामुळे कोणताही निर्णय बदलत नाही, म्हणून ते खाली जोडपत्रात जाऊ द्या.

साठा_नोंद: फार आभार. एक भर घालते: ते दोन आठवडे गोदामांमधली मालाची प्रत्येक ने-आण दोन्ही प्रणालींत नोंदवावी लागेल.

निवृत्त_पीएम: ते मंजुरीच्या वाक्यालाच जोडा. मंजुरी मागताना तिची किंमत लपवली, तर पुढच्या अहवालावर कोणी विश्वास ठेवणार नाही.

साठा_नोंद: अडचण एवढीच उरते, की आमचे प्रकल्पप्रमुख "खात्री देता येत नाही" हे शब्द वर जाऊ देणार नाहीत. त्यांना "थोडा विलंब संभवतो" असे हवे आहे.

रंगीत_तक्ता: म्हणूनच म्हटले होते, पिवळा रंग द्या!