मुलाखतीला जाण्याआधी कंपनीची चौकशी: रिव्ह्यूंवर किती विसंबायचं?

सायली_प
एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीकडून मुलाखतीचं बोलावणं आलंय. ग्लासडोअरवर 40 रिव्ह्यू आहेत, सरासरी 4.1. पण त्यातले 18 पाच-तारे एकाच पंधरवड्यात पडलेत, आणि तिघांनी पगार उशिरा होतो असं लिहिलंय. मुलाखत गुरुवारी आहे आणि त्याआधी दोन दिवस खाणारी एक असाइनमेंट करून पाठवायचीय. जावं, की आधीच नाही म्हणावं?

रोहन७
4 च्या वर आहे ना, मग बिनधास्त जा. 3.5 च्या खाली असेल तर मी अर्जच करत नाही, एवढाच माझा नियम. पगाराबद्दल ओरडणारे बहुतेक काढून टाकलेले असतात. राग कुठेतरी निघणारच.

हिशेबनीस
रोहन, रागाचं म्हणणं बरोबर आहे. आपणहून लिहायला बसतो तो एक तर फार खूश असतो नाहीतर फार चिडलेला. मधले लोक लिहीत नाहीत. म्हणूनच सरासरीच्या आकड्यावर नियम बांधता येत नाही, ना 4 चा ना 3.5 चा.

सायलीताई, ढोबळ हिशेब करा. 40 जणांचे 4.1 प्रमाणे 164 तारे झाले. पंधरवड्यातल्या 18 जणांचे 90 वजा करा. उरले 22 जण आणि 74 तारे, म्हणजे सरासरी 3.4 सुद्धा नाही. (साइट नव्या रिव्ह्यूंना जास्त वजन देते, त्यामुळे तिचा आकडा साध्या सरासरीशी तंतोतंत जुळणार नाही. अंदाजाला एवढं पुरतं.)

आता ते 18 उघडून वाचा. एचआरने आग्रह करून लिहवून घेतलेले रिव्ह्यू ओळखू येतात: दोन ओळी, 'छान वातावरण, शिकायला भरपूर', आणि तोट्यांच्या रकान्यात 'काही नाही'. खऱ्या माणसाला काहीतरी खुपतंच, मग ती कँटीनची रांग का असेना. त्या पंधरवड्याच्या आधीच्या महिन्यात काय छापून आलंय तेही बघा. स्तुतीची लाट बहुधा एखाद्या बोचऱ्या रिव्ह्यूला खाली ढकलण्यासाठी येते.

पगारवाल्या तिघांचं मात्र वेगळं. 'मॅनेजर वाईट' हे मत झालं, 'पगार बारा दिवस उशिरा झाला' ही घटना आहे. वेगवेगळ्या विभागांतल्या, वेगवेगळ्या वेळी सोडलेल्या तिघांनी एकच घटना सांगितली असेल, तर ती रागातून सुचलेली नसते. तारखा आणि विभाग तपासा.

वसुधा_क
मी बरीच वर्षं भरती करते, म्हणून दुसरी बाजू मांडते. तिघांच्या लिहिण्यावरून कंपनीचा निकाल लावणं अन्याय आहे. लहान कंपनीत एक विभागप्रमुख बदलला की सहा महिन्यांत सगळं पालटतं आणि जुने रिव्ह्यू तिथेच चिकटून राहतात. 'लिहा हो काहीतरी' असं आम्हीही लोकांना सांगतो. त्यात खोटं काही नसतं. मुलाखत म्हणजे होकार नव्हे. समोर बसून जे कळतं ते स्क्रीनवर कळत नाही. उत्तरं कोण देतं, कोण टाळतं, ज्याच्या हाताखाली काम करायचं तो भेटतो की नाही, हे सगळं तिथेच दिसतं. ज्यांच्या हातात आज नोकरी नाही त्यांनी आधीच दारं लावून घेतली तर चालेल कसं?

नितीन_जो
चौकशी दोन्हीकडून होते हे विसरू नका. माझ्या एका मुलाखतीत पॅनेलने माझ्या जुन्या पोस्ट काढून दाखवल्या होत्या. तेव्हापासून अर्ज करण्याआधी मी माझी सगळी प्रोफाइल साफ करतो. सायली, तुम्हीही तेवढं करून घ्या.

सायली_प
धन्यवाद नितीन, पण माझा प्रश्न कंपनी टिकेल का याचा आहे. हिशेबनीस, ते रिव्ह्यू नसलेल्या ठिकाणी कसं बघायचं?

हिशेबनीस
बऱ्याच देशांत कंपन्यांना वार्षिक हिशेब नोंदणी कार्यालयात द्यावे लागतात आणि ते कुणालाही बघता येतात. काही देशांत खासगी कंपनीचे हिशेब बाहेर येतच नाहीत, तिथे हा रस्ता बंद. मिळाले तर नफ्याचा आकडा सोडा आणि आधी लेखापरीक्षकाचा अहवाल वाचा. कंपनी पुढचे किमान 12 महिने चालू राहील याविषयी मोठी शंका असेल, तर तसा परिच्छेद त्यात वेगळा येतो. मग दोन वर्षांची बँकेतली शिल्लक शेजारीशेजारी ठेवा. हिशेब मुदत उलटून गेल्यावर दाखल झालेत का, लेखापरीक्षक मध्येच सोडून गेलाय का, हेही तिथेच दिसतं.

पण स्वच्छ अहवाल म्हणजे हमी नव्हे. ब्रिटनच्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीचे 2016 चे हिशेब मार्च 2017 मध्ये लेखापरीक्षकाच्या कोणत्याही हरकतीशिवाय आले. जुलैत कंपनीने 84.5 कोटी पाउंडांचा फटका जाहीर केला आणि जानेवारी 2018 मध्ये ती बुडाली. पुरवठादारांना मात्र आधीपासून माहीत होतं की पैसे 120 दिवसांनी मिळतात. रोकड आटते तेव्हा आधी पुरवठादारांचे पैसे थांबतात, मग पगार. म्हणून तुमच्या तिघांना मी एवढं वजन देतोय.

हिशेब मिळाले नाहीत तर लिंक्डइनवर त्या कंपनीतून बाहेर पडलेली, तुमच्याच पदावरची माणसं शोधा. कोण किती टिकलं ते दिसेल. एखाद्याला नम्रपणे विचारा. 'कंपनी कशी आहे' असं विचारू नका, त्याला सगळे 'ठीक' म्हणतात. 'पगार कोणत्या तारखेला जमा व्हायचा, आणि शेवटच्या वर्षात ती तारीख किती वेळा चुकली?' एवढंच विचारा.

रोहन७
एका मुलाखतीसाठी एवढं? मी महिन्याला तीस-चाळीस ठिकाणी अर्ज टाकतो. प्रत्येकाचे हिशेब वाचत बसू का?

हिशेबनीस
नाही. अर्जाआधी दहा मिनिटं: कंपनी खरोखर अस्तित्वात आहे ना, आणि तीच जाहिरात महिनोन्‌महिने फिरतेय का. बोलावणं आलं की रिव्ह्यू तारखेवार लावून वाचायचे. हिशेब आणि माजी कर्मचारी मात्र दोन दिवसांची असाइनमेंट करण्याआधी, कारण तिथून पुढे तुमचा वेळ खर्ची पडतो.

वसुधा_क
इथे माझा विरोध कायम आहे. असाइनमेंट थांबवली तर गुरुवारची मुलाखतच जाईल. शिवाय माजी कर्मचाऱ्याला विचारल्याचं कंपनीच्या कानावर गेलं तर? लहान क्षेत्रात जातं. होकार देण्याआधी हवी तेवढी चौकशी करा, मी स्वतः उमेदवारांना तेच सांगते.

सायली_प
अपडेट. माझ्याच पदावर आधी तिघं होते, एकही वर्षभर टिकलं नाही. एकीने उत्तर दिलं: पहिले आठ महिने पगार वेळेवर, मग लागोपाठ तीन वेळा दहा-बारा दिवस उशीर. आणि टीम फार चांगली होती, शिकायला मिळालं, असंही तिने आपणहून लिहिलं. नोंदणी कार्यालयात गेल्या वर्षीचे हिशेब अजून दाखल नाहीत, मुदत उलटून गेलीय.

मी असाइनमेंटऐवजी आधी अर्ध्या तासाचं बोलणं मागितलंय. त्यात विचारणार आहे की हे पद रिकामं का झालं, आणि सध्याच्या पैशांवर कंपनी किती महिने चालेल.

वसुधा_क
पहिला प्रश्न जरूर विचारा. दुसरा एचआरला विचारून उपयोग नाही, तिला माहीतच नसतं. संस्थापक किंवा वित्तप्रमुख बोलणार असतील तरच विचारा.

हिशेबनीस
वसुधाताईंशी सहमत. आणि 'गुंतवणूक लवकरच येतेय' असं उत्तर मिळालं, तर करारावर सह्या झाल्यात की बोलणी चालू आहेत, एवढं विचारून घ्या.

रोहन७
हातात दुसरी ऑफर नसेल तर तीन महिन्यांचा अनुभव मिळाला तरी मी तिथे जाईन.